साडेचाळीस गुणांची श्रेणी

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत ज्यांची मुलं शिकली आहेत, त्यांनी प्रगतिपत्रकावर अ-१, ब-२, क-१ अशी अक्षरं पाहिली असतील. ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पहिली ते आठवीच्या प्रगतिपत्रकावरचे गुण मागे पडून तिथे श्रेण्या आल्या. त्यासाठी नऊ ओळींचा एक तक्ता आहे. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१, आणि २० किंवा त्याहून कमी म्हणजे इ-२. आमच्या बहुतेक शिक्षकांना हा तक्ता पाठ आहे.

पाठ असला तरी आता हातानं कुणी श्रेणी लिहीत नाही. एका वर्गात चाळीस मुलं आणि आठ विषय म्हटले, की एका सत्राच्या तीनशेवीस श्रेण्या होतात. ते काम एक्सेलच्या एका सूत्राकडे गेलेलं आहे. सूत्र एकदा कुणीतरी लिहितं, मग ते खाली ओढलं जातं, दुसऱ्या शीटवर चिकटवलं जातं, पेनड्राइव्हवरून शेजारच्या शाळेत जातं. लिहिणाऱ्याची बदली होते आणि सूत्र मागे राहतं. ते सूत्र पुढच्या माणसाला वाचता येतं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं शैलीचा वाटत आला होता, म्हणजे कुणाचं अक्षर वळणदार, कुणाचं किरटं, तसा. आता तो तसा वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. केंद्रातल्या ‘तंत्रस्नेही’ शिक्षकांच्या यादीत माझं नाव असल्यामुळे निकालाच्या दिवसांत आजूबाजूच्या शाळांच्या फायलीही माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतल्या एका सरांची बदली झाली आणि सहावीच्या निकालाची त्यांची फाइल माझ्याकडे आली. सर अतिशय नेटके. रकान्यांना रंग दिलेले, वरची ओळ गोठवलेली, छपाईची समासरेषा आखलेली. विषयवार शीट होती. B रकान्यात पहिल्या सत्राचे शंभरपैकी गुण, C मध्ये दुसऱ्या सत्राचे, D मध्ये दोन्हींची सरासरी आणि E मध्ये वर्षाची श्रेणी. E मधलं सूत्र असं होतं:

```
=IF(AND(D2>=91,D2<=100),"अ-१",IF(AND(D2>=81,D2<=90),"अ-२",IF(AND(D2>=71,D2<=80),"ब-१",IF(AND(D2>=61,D2<=70),"ब-२",IF(AND(D2>=51,D2<=60),"क-१",IF(AND(D2>=41,D2<=50),"क-२",IF(AND(D2>=33,D2<=40),"ड",IF(AND(D2>=21,D2<=32),"इ-१","इ-२"))))))))
```

एक्सेल न जाणणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. IF ला तीन गोष्टी लागतात: अट, अट खरी ठरली तर काय लिहायचं ते, आणि खोटी ठरली तर काय करायचं ते. ‘खोटी ठरली तर’च्या जागी पुन्हा एक IF घातला, त्याच्या पोटात आणखी एक, असं करत गेलं, की एकात एक बसवलेल्या डब्यांसारखं हे सूत्र तयार होतं. नऊ श्रेण्यांना आठ IF लागतात, आणि नववी श्रेणी सगळ्यांत आतल्या डब्यात, कुठल्याच अटीशिवाय बसते.

वरवर पाहता सरांनी काहीच चुकवलेलं नाही. शासन निर्णयातला तक्ता जसाच्या तसा उतरवला आहे: ७१ ते ८०, ८१ ते ९०. तपासायला बसलं, तर प्रत्येक आकडा बरोबर निघतो. तरीही निकालाच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिका छापील कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बाई, ही पोरगी वर्गात पहिल्या पाचांत असते. हिला गणितात इ-२ कशी?”

तिच्या ओळीत पहिल्या सत्राचे ७८ होते, दुसऱ्या सत्राचे ८३. D रकान्यात ८१ दिसत होते आणि शेजारी इ-२. पण ७८ आणि ८३ यांची सरासरी ८१ नाही, ८०.५ आहे. रकान्याला दशांशस्थळ न दाखवण्याचं स्वरूप दिलेलं होतं, म्हणून पडद्यावर ८१ दिसत होते. सूत्र मात्र दिसणारा आकडा वाचत नाही, आतला वाचतं. साडेऐंशी ही संख्या ८१ ते ९० मध्ये नाही आणि ७१ ते ८० मध्येही नाही. तक्ता पूर्णांकांसाठी केलेला आहे. ८० आणि ८१ यांच्यामध्ये एक फट आहे, आणि पूर्ण गुण असतील तोवर ती दिसत नाही. मुलगी त्या फटीतून पडली, पुढच्या सगळ्या अटी एकामागून एक खोट्या ठरत गेल्या, आणि ती थेट तळाच्या डब्यात जाऊन पोचली. तिथे इ-२ वाट पाहत होती.

तिची श्रेणी दुरुस्त करणं सोपं होतं. मी मात्र आता फटी कुठे कुठे आहेत ते पाहायला लागले. ९०.५, ८०.५, ७०.५ असं खाली येत येत ४०.५. त्या शीटवर एका मुलाला पहिल्या सत्रात ३८ आणि दुसऱ्या सत्रात ४३ गुण होते. त्याची सरासरी साडेचाळीस, पडद्यावर ४१, श्रेणी इ-२. त्याच्याबद्दल कुणीही विचारायला आलं नव्हतं. कारण इ-२ त्याच्या नावापुढे शोभून दिसत होती. हुशार मुलीची चुकलेली श्रेणी डोळ्यांत खुपते, कच्च्या मुलाची चुकलेली श्रेणी अंदाजाला धरून असते. पहिल्या सत्रापेक्षा पाच गुण वर चढलेल्या त्या मुलाला वर्षाअखेरीस, वीस किंवा कमी गुण मिळवणाऱ्याची श्रेणी मिळणार होती, आणि ती कुणालाही खटकली नसती.

इथून पुढे मी सूत्रांकडे या साडेचाळीस गुणांच्या मुलाच्या बाजूनं पाहायला लागले. कुठल्या सूत्रात हे मूल कुठे जातं, आणि सूत्र वाचणाऱ्याला ते आधीच दिसतं का?

पहिली दुरुस्ती IF मध्येच करता येते. वरची मर्यादा काढून टाकायची आणि मोठ्या आकड्यापासून खाली उतरायचं:

```
=IF(D2>=91,"अ-१",
 IF(D2>=81,"अ-२",
 IF(D2>=71,"ब-१",
 IF(D2>=61,"ब-२",
 IF(D2>=51,"क-१",
 IF(D2>=41,"क-२",
 IF(D2>=33,"ड",
 IF(D2>=21,"इ-१","इ-२"))))))))
```

सूत्राच्या पट्टीत ऑल्ट दाबून एंटर मारलं, की अशा ओळी पाडता येतात. सूत्राच्या अर्थावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. आठ ओळी दिसाव्यात म्हणून ती पट्टी खाली ओढून उंच करावी लागते, एवढंच. ‘८१ किंवा जास्त’ या ओळीपर्यंत जो आकडा पोचला, तो ९१ पेक्षा कमी आहे हे आपोआप ठरलेलं असतं, म्हणून ‘९० किंवा कमी’ असं वेगळं सांगावं लागत नाही. दोन ओळींच्या मध्ये आता फट उरत नाही. साडेऐंशीची मुलगी ब-१ मध्ये गेली आणि साडेचाळीसचा मुलगा ड मध्ये.

हे सूत्र वाचायला आधीपेक्षा पुष्कळ बरं आहे. पण त्याच्या दोन खोडी राहतात. एक म्हणजे क्रम. कुणी तक्ता खालून वर वाचत गेलं आणि पहिलीच ओळ `D2>=21` लिहिली, तर २१ पासून १०० पर्यंतचा सगळा वर्ग इ-१ होतो. हे निदान लगेच लक्षात तरी येतं. दुसरी खोड कंसांची. शेवटचे आठ कंस कुठल्याच श्रेणीचे नाहीत, ते फक्त डबे बंद करतात. मधली एक ओळ काढली किंवा वाढवली, तर दूर तळाशी जाऊन एक कंस कमी-जास्त करावा लागतो. एका कंसाचा फरक पडला, की एक्सेल स्वतःहून दुरुस्ती सुचवतं, आणि घाईतला माणूस न वाचता हो म्हणतो. आणि तळाची इ-२ अजूनही कुठल्याच अटीशिवाय बसलेली आहे. जे कुठेच बसलं नाही, ते सगळं तिच्यात.

IFS मध्ये डबे नसतात. अट, उत्तर, अट, उत्तर अशी सरळ यादी असते. वरून खाली पाहत जायचं, पहिली खरी ठरलेली अट घ्यायची:

```
=IFS(
 D2>=91,"अ-१",
 D2>=81,"अ-२",
 D2>=71,"ब-१",
 D2>=61,"ब-२",
 D2>=51,"क-१",
 D2>=41,"क-२",
 D2>=33,"ड",
 D2>=21,"इ-१",
 D2>=0,"इ-२")
```

तक्त्याच्या नऊ ओळी आणि सूत्राच्या नऊ ओळी. डावं बोट शासन निर्णयाच्या छापील कागदावर आणि उजवं पडद्यावर ठेवून दोन्ही बोटं एकेक ओळ खाली सरकवता येतात. हे मी खरोखर करून पाहिलं आहे. आमच्या मोठ्या बाई एक्सेल वापरत नाहीत. त्यांना मी सूत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. ‘एक्याण्णव किंवा जास्त, अ-एक. एक्याऐंशी किंवा जास्त, अ-दोन,’ असं त्यांनी अडखळल्याशिवाय वाचलं. IF च्या सूत्रात त्या तिसऱ्या ओळीला थांबून विचारत होत्या, की हा नवा प्रश्न आहे की आधीच्याच प्रश्नाचा उरलेला भाग? सुवाच्य म्हणजे काय, याचं मला याहून चांगलं माप सापडलेलं नाही. ज्याला श्रेणीचे नियम माहीत आहेत पण एक्सेल माहीत नाही, त्याला सूत्र तपासता आलं पाहिजे.

पण IFS चा मोठा फायदा दिसण्याचा नाही. IFS मध्ये ‘नाहीतर’ नावाची जागाच नसते. एकही अट खरी ठरली नाही, तर ते `#N/A` अशी चूक दाखवतं. पुष्कळांना हा दोष वाटतो आणि ते शेवटी `TRUE,"इ-२"` अशी ओळ घालून तो बुजवतात. TRUE ही अट नेहमीच खरी, म्हणजे उरलंसुरलं सगळं इ-२ मध्ये. असं केलं, की IF चा तळाचा डबा आपण पुन्हा बांधून घेतो. मी शेवटची ओळ मुद्दाम `D2>=0` अशी लिहिते. समजा, सरांनी त्यांचं ‘७१ ते ८०’ पद्धतीचं सूत्र IFS मध्ये लिहिलं असतं, तर साडेचाळीसच्या मुलाच्या नावापुढे इ-२ ऐवजी `#N/A` आलं असतं. ते विद्रूप दिसतं, कागदावर छापता येत नाही, आणि म्हणून कुणीतरी थांबून पाहतं. ज्या मुलासाठी कुणी विचारायला येत नाही, त्याच्या वतीनं निदान सूत्रानं तरी ओरडावं.

IFS ची एक अडचण मात्र खरी आहे. ते एक्सेल २०१९ पासून पुढे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळतं. गूगल शीट्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्येही आहे. पण शाळांतल्या संगणकांवर २००७ किंवा २०१० अजून नांदत असतं. अशा संगणकावर फाइल उघडली, तर आधी काढून ठेवलेल्या श्रेण्या तशाच दिसतात आणि सूत्राच्या जागी `_xlfn.IFS` असं काहीतरी दिसतं. मग कुणी एक गुण बदलतो, एक्सेल पुन्हा हिशेब करायला जातं आणि `#NAME?` उमटतं. फाइल अशा ठिकाणी जाणार हे माहीत असेल, तर ओळी पाडलेला, वरून खाली उतरणारा IF हाच शहाणपणाचा. तेव्हाही तळाच्या डब्यात इ-२ न ठेवता आणखी एक ओळ वाढवावी, `IF(D2>=0,"इ-२","तपासा")`, आणि शेवटी एक कंस.

आता SWITCH. हे तिसरं भावंड आणि याच्याबद्दल गैरसमज जास्त. SWITCH अटी पाहत नाही, ते एक किंमत घेतं आणि ती यादीतल्या कुठल्या किमतीशी तंतोतंत जुळते ते पाहतं. गुणांचे पट्टे असतात, तंतोतंत किमती नसतात, त्यामुळे SWITCH या कामाला मुळातच आडवं जातं. ते सरळ करण्याची एक प्रसिद्ध युक्ती अशी:

```
=SWITCH(TRUE,
 D2>=91,"अ-१",
 D2>=81,"अ-२",
 ...
```

प्रत्येक अटीचं उत्तर TRUE किंवा FALSE येतं, आणि त्यातलं पहिलं TRUE शोधायला सांगितलं आहे. चालतं, आणि उत्तरही IFS सारखंच येतं. पण मोठ्या बाई पहिल्याच शब्दाला अडकल्या. “हे खरं म्हणजे काय खरं?” त्याचं उत्तर द्यायला मला चार वाक्यं लागली. ज्या ओळीसाठी चार वाक्यं खर्चावी लागतात, ती ओळ IFS मध्ये नाही, हा फरक पुरेसा आहे.

दुसरी युक्ती आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं केली होती, आणि ती पाहून मला क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं. पट्टे दहा-दहाचे आहेत, तर गुणांतून एक वजा करून दहानं भागायचं आणि पूर्णांक घ्यायचा. ९१ ते १०० ला ९ येतात, ८१ ते ९० ला ८. मग `SWITCH(INT((D2-1)/10),9,"अ-१",8,"अ-२",…)`. आखूड आणि देखणं. ते क-२ पर्यंत बरोबर चालतं. त्याखाली तक्ता दहाचा उरतच नाही, ड श्रेणी ३३ पासून आहे. या सूत्रात ३१ ते ४० या सगळ्यांना ३ येतात, म्हणून ३१ आणि ३२ गुणांची मुलं इ-१ ऐवजी ड मध्ये जातात. तेहतीस हा आकडा त्या सूत्रात कुठेच लिहिलेला नाही. जो आकडा लिहिलेलाच नाही, तो चुकला हे वाचून कसं कळणार? सहकाऱ्याला मी ते दाखवलं, तेव्हा तो हसून म्हणाला, “बाई, लांबी वाचवायला गेलो.” लांबी वाचवून कुणाचं काही वाचत नाही. नऊ श्रेण्या आहेत, तर नऊ ओळी असू द्याव्यात.

SWITCH ला मी अगदी हद्दपार केलेलं नाही. त्याची जागा एक पायरी पुढे आहे. श्रेणी ठरून गेली, आता तिच्यावरून दुसरं काहीतरी लिहायचं आहे, म्हणजे वर्णनात्मक नोंदीसाठी शेरा, तेव्हा किमती तंतोतंत असतात:

```
=SWITCH(E2,
 "अ-१","उत्कृष्ट",
 "अ-२","उत्तम",
 "ड","सरावाची गरज",
 "शेरा लिहा")
```

इथे IFS वापरलं, तर प्रत्येक ओळीत `E2=` पुन्हा पुन्हा लिहावं लागेल. SWITCH मध्ये ते एकदाच येतं आणि यादी स्वच्छ राहते. सगळ्यांत शेवटी एकटं उरलेलं ‘शेरा लिहा’ हे न जुळल्यास द्यायचं उत्तर. वर सगळ्या श्रेण्या दिलेल्या नाहीत, उरलेल्या तशाच भरायच्या. एक पथ्य पाळावं लागतं. ‘अ-१’ आणि ‘अ-1’ आपल्या डोळ्यांना एकच वाटतात, SWITCH ला नाही. मराठी आकडा की इंग्रजी, हे फाइलभर एकदाच ठरवावं.

एवढं झाल्यावरही साडेचाळीसच्या मुलाचा प्रश्न सुटलेला नव्हता. सरांच्या सूत्रात त्याला इ-२ होती. वरून खाली उतरणाऱ्या सूत्रात ड आली. पडद्यावर मात्र त्याचे गुण ४१ दिसत होते, आणि ४१ ला तक्त्यात क-२ आहे. एकच मूल, तेच गुण, आणि तीन श्रेण्या. यातली इ-२ उघड चूक होती. पण ड की क-२, हे एक्सेल ठरवू शकत नाही. तक्ता अर्ध्या गुणाबद्दल काही बोलत नाही, त्यामुळे जो सूत्र लिहितो तोच नकळत नियम करतो. `>=` लिहिलं, की ‘अर्धा गुण सोडून द्यावा’ हा नियम झाला, आणि तो शाळेत कुणी ठरवलेला नव्हता.

आम्ही तो बैठकीत ठरवला. अर्धा गुण वर घ्यायचा. मग ते श्रेणीच्या सूत्रात न दडवता सरासरीच्याच रकान्यात केलं, म्हणजे दिसणारा आकडा आणि आतला आकडा एकच राहील, आणि रकान्याच्या डोक्यावर ‘सरासरी (पूर्णांकात)’ असं लिहिलं:

```
=IF(COUNT(B2:C2)=2,ROUND(AVERAGE(B2:C2),0),"अपूर्ण")
```

यातला COUNT गैरहजर मुलांसाठी आहे. AVERAGE ला रकान्यात ‘गै’ असा मजकूर सापडला, तर ते त्याला वगळून उरलेल्या एकाच सत्राची सरासरी देतं आणि काही बोलत नाही. COUNT फक्त आकडे मोजतं. दोन आकडे नसतील, तर सरळ ‘अपूर्ण’ लिहायचं.

पण मग तो ‘अपूर्ण’ शब्द श्रेणीच्या सूत्रात जातो, आणि इथे एक्सेलची एक सवय माहीत असावी लागते. तुलना करताना एक्सेल कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं. म्हणजे `"अपूर्ण">=91` हे त्याच्या लेखी खरं आहे, आणि अपूर्ण असलेल्या मुलाला अ-१ मिळते. दुसऱ्या प्रणालीतून उतरवलेले गुण कधीकधी आकडे न राहता मजकूर म्हणून येतात, ते रकान्याच्या डावीकडे चिकटलेले दिसतात. त्या ‘४५’लाही अ-१. रिकामी चौकट मात्र शून्य धरली जाते, तिला इ-२. म्हणून IFS च्या डोक्यावर मी दोन ओळी वाढवल्या:

```
=IFS(
 NOT(ISNUMBER(D2)),"तपासा",
 D2>100,"तपासा",
 D2>=91,"अ-१",
```

पुढच्या ओळी आधीसारख्याच. पहिली ओळ आकडा नसलेलं सगळं अडवते, दुसरी ७८ ऐवजी १७८ टंकलेलं अडवते. नेस्टेड IF मध्येही हे करता आलं असतं, पण आणखी दोन डबे आणि शेवटी दहा कंस. IFS मध्ये त्या फक्त वरच्या दोन ओळी आहेत आणि खालचा तक्ता जागचा हलत नाही.

जाणकार म्हणतील, तक्ता वेगळ्या शीटवर मांडून VLOOKUP नं श्रेणी का काढत नाही? अनेक इयत्तांसाठी एकच मापपट्टी असेल आणि ती बदलण्याची शक्यता असेल, तर ते जास्त चांगलं. पण आमच्या फायलींची शीट सुटी सुटी कापून दुसऱ्या शाळांत जातात आणि तक्ता मागे राहतो. नियम सूत्रातच लिहिलेला असला, की तो सोबत जातो.

सूत्र बदलल्यावर मी एक रिकामं शीट घेऊन D रकान्यात काठावरचे आकडे ओळीनं भरते: १००, ९१, ९०, ८१, ८०, असं ४१, ४०, ३३, ३२, २१, २०, ०. त्याखाली १७८, एक ‘गै’, एक रिकामी चौकट. मधले आकडे तपासण्यात अर्थ नसतो, चुका काठावरच होतात. समोर हातानं श्रेण्या लिहिते आणि मग सूत्र खाली ओढते. हे शीट ‘तपासणी’ या नावानं फाइलमध्येच ठेवते, पुसत नाही.

त्या वर्षी साडेचाळीसच्या मुलाला क-२ मिळाली. घरच्यांनी प्रगतिपत्रकावर सही करून ते परत पाठवलं, कुणी काही विचारलं नाही. आता माझीही बदली कधीतरी होईल. नवे शिक्षक ही फाइल उघडतील, E रकान्यावर टिचकी मारतील आणि त्यांना वरून खाली अकरा ओळी दिसतील. त्यातल्या नऊ त्यांना पाठ आहेत. उरलेल्या दोन वाचायला अर्धं मिनिट लागेल.